खुले पत्र: त्या पानावरचा उंच हिरवा खांब कुठे गेला?

औषध कंपन्यांच्या विक्री आणि विपणन विभागप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सतरा वर्षे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून काम करते आहे. या काळात तीन कंपन्या बदलल्या, सहा एरिया मॅनेजर पाहिले आणि व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या चित्रमय पुस्तिका, हाताखालून किती गेल्या ते मोजलेले नाही. या पत्रात पगार, बदली किंवा इन्सेंटिव्हबद्दल काही नाही. मला फक्त एका पानाबद्दल बोलायचे आहे. नव्या सायकलसाठी, म्हणजे प्रचाराच्या नव्या फेरीसाठी, आलेल्या व्हिज्युअल एडचे ते चौथे पान. त्याच्या निमित्ताने एका डॉक्टरांच्या एका भेटीची तयारी मी कशी करते, हे तुमच्यासमोर उलगडून ठेवते. नियम डॉक्टरांच्या केबिनमध्ये मोडतात, असे तुमच्याकडे धरले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. ते आदल्या रात्रीच्या तयारीत मोडतात, आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी, ते पान छापायला जाते तेव्हा.

औषध आहे टेल्मिसार्टन, रक्तदाबाचे. पानावर दोन उभे खांब आहेत, एक उंच करडा आणि एक बुटका हिरवा. करड्यावर रामिप्रिल हे रक्तदाबाचेच दुसरे औषध, हिरव्यावर आपले औषध. वर ठळक अक्षरांत ‘खोकला ७४ टक्के कमी’. खाली, चष्मा लावूनही वाचता येणार नाही एवढ्या अक्षरांत अभ्यासाचे नाव: ऑनटार्गेट, २००८.

आकडा खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो मी स्वतः पडताळला आहे. नवे पान हातात आले की मूळ शोधनिबंध काढून निदान त्याचा सारांश आणि दुष्परिणामांचा तक्ता वाचायचा, ही माझी तयारीची पहिली पायरी. ऑनटार्गेटमध्ये २५,६२० रुग्ण होते. हृदयविकार, पक्षाघात यांसारखे रक्तवाहिन्यांचे आजार असलेले, किंवा मधुमेह असून धोका जास्त असलेले. त्यांचे तीन गट केले: एकाला रामिप्रिल, दुसऱ्याला टेल्मिसार्टन, तिसऱ्याला दोन्ही एकत्र. साधारण साडेचार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. खोकल्यामुळे औषध कायमचे थांबवावे लागले असे रुग्ण रामिप्रिलच्या गटात ४.२ टक्के आणि टेल्मिसार्टनच्या गटात १.१ टक्के होते. भागाकार करा, ७४ टक्के कमी येतात. पान बरोबर आहे.

आता त्याच तक्त्यातली दुसरी ओळ. रक्तदाब जास्त उतरल्याच्या तक्रारींमुळे औषध थांबवावे लागले असे रुग्ण रामिप्रिलच्या गटात १.७ टक्के, तर टेल्मिसार्टनच्या गटात २.६ टक्के. इथे हिरवा खांब उंच आणि करडा बुटका. ही ओळ आपल्या पानावर नाही.

टक्क्यांऐवजी माणसे मोजली की डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते, म्हणून मी वहीत असे लिहिते: त्या अभ्यासातल्यासारखे एक हजार रुग्ण घेतले, तर रामिप्रिलवर ४२ जणांना खोकल्यापायी गोळी सोडावी लागली, आपल्या औषधावर ११ जणांना. म्हणजे खोकल्यापायी गोळी सोडणारे ३१ जण कमी. त्याच हजारांत रक्तदाब फार उतरून गोळी सोडणारे आपल्याकडे ९ जण जास्त. हे दोन वाक्य मी पाठ करते, आणि पाठ करताना मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. पहिल्यानंतर थांबले की डॉक्टर ‘बरं, बरं’ म्हणतात आणि दुसरे वाक्य पोटातच राहते. सतरा वर्षांत मी एवढे नक्की शिकले आहे की गैरसोयीचे वाक्य शेवटी ठेवले की ते कधीच बोलले जात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे खोलात कशाला जायचे? प्रतिनिधीला मिळतात तीन मिनिटे. बरोबर आहे. पण औषध विभागाने १२ मार्च २०२४ रोजी जारी केलेली औषध विपणनाची समान संहिता, जिला आपण सगळे यूसीपीएमपी म्हणतो, तिच्यात प्रचारातली माहिती संतुलित, अद्ययावत आणि पडताळता येणारी असावी, असे म्हटले आहे. ‘पडताळता येणारी’ हा भाग आपले पान पार करते. ‘संतुलित’ मात्र ते होत नाही. आणि ते असंतुलन डॉक्टरांसमोर उघडे पडते तेव्हा समोर मी उभी असते, पान तयार करणारा नसतो.

हे माझ्यावर एकदा आले आहे. नोकरीचे तिसरे वर्ष होते, औषध वेगळे होते. मी तोऱ्यात सांगितले, “सर, याला साइड इफेक्ट नाहीतच, एकदम सेफ आहे.” डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी टेबलाच्या खणातून त्याच औषधाचे माहितीपत्रक काढले, दुष्परिणामांच्या परिच्छेदावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे तुमच्याच कंपनीने छापलंय ना?” पुढचे आठ महिने त्यांनी मला वेळ दिली नाही. त्या दिवशी मी एक नियमही मोडला होता, पण तो मोडल्याचे मला माहीतच नव्हते. आज संहितेत ते स्पष्ट आहे: ‘सुरक्षित’ हा शब्द अट न जोडता वापरायचा नाही, आणि औषधाला दुष्परिणाम नाहीत असे ठाम विधान करायचे नाही. तेव्हा मला प्रशिक्षणात याच्या नेमके उलट, ते वाक्य पाठ करून घेतले होते.

तर, तयारी. ज्या डॉक्टरांना भेटायचे आहे ते फिजिशियन आहेत, माझ्या यादीतले ‘कोअर’ डॉक्टर, महिन्यातून दोन भेटी. मी त्यांचे कार्ड काढते. जुन्या सवयीने मी अजून वही ठेवते. कंपनीच्या ॲपमध्ये ‘डॉक्टर भेटले, तीन ब्रँड डिटेल केले’ एवढेच टिकते आणि त्याचा पुढच्या भेटीला काडीचाही उपयोग नसतो. माझ्या वहीत मागच्या तीन भेटींतले डॉक्टरांचे शब्द असतात. दोन भेटींपूर्वी ते म्हणाले होते, “रामिप्रिलवर माझे निम्मे पेशंट व्यवस्थित आहेत, कशाला बदलू?” मागच्या भेटीत उभ्या उभ्या त्यांनी विचारले होते, “लघवीतून प्रोटीन जाणाऱ्याला दोन्ही एकत्र दिलं तर?”

या दोन वाक्यांत माझी पूर्ण भेट दडलेली आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ असा की ज्यांचे व्यवस्थित चालले आहे त्यांच्याबद्दल मी बोलायचेच नाही. त्यांचे औषध बदलायला माझ्याकडे कारण नाही. ऑनटार्गेटमध्ये मुख्य निष्कर्ष, म्हणजे हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे, हे रामिप्रिलवर १६.५ टक्के आणि टेल्मिसार्टनवर १६.७ टक्के रुग्णांत झाले. जवळजवळ सारखेच. अभ्यासाची आखणीच टेल्मिसार्टन रामिप्रिलपेक्षा कमी पडत नाही हे पाहण्यासाठी केलेली होती. त्यातून ‘सरस’ हा शब्द निघत नाही. मी जो रुग्ण घेऊन बोलणार तो एकच: ज्याला रामिप्रिलवर कोरडा, चिवट खोकला लागला आहे आणि जो गोळी टाळू लागला आहे.

असे रुग्ण त्या डॉक्टरांकडे आहेत का, हे कळायला आरसीपीए, म्हणजे दवाखान्याजवळच्या केमिस्टकडची विचारपूस. याबद्दल एक सांगते, कारण इथे हळूच गैरप्रकार शिरतात. माझा प्रश्न एवढाच असतो: रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या जास्त जातात आणि कोणत्या ताकदीच्या. रुग्णाचे नाव, फोन नंबर, चिठ्ठीचा फोटो यांतले काहीही मला नको असते आणि केमिस्टने देऊ केले तरी मी घेत नाही. आणि तिथे कळलेले डॉक्टरांच्या तोंडावर मारायचे नसते. “सर, तुम्ही समोरच्या कंपनीची जास्त लिहिता” असे म्हणणारा प्रतिनिधी मी पाहिला आहे. डॉक्टरांना आपल्यावर पाळत ठेवल्यासारखे वाटते, आणि खरे तर ती पाळतच असते. त्या दिवशी केमिस्ट सहज बोलला की रामिप्रिल घेणारे दोघेतिघे खोकल्याचे सिरपही नेहमी मागतात. हा पुरावा नाही. त्यांना दमाही असेल, सर्दीही असेल. मी फक्त डॉक्टरांना खोकल्याबद्दल प्रश्न विचारायचे ठरवले, विधान करायचे नाही.

दुसरे वाक्य अधिक अवघड होते. “दोन्ही एकत्र दिलं तर?” विक्रीच्या नजरेने पाहिले तर हा प्रश्न म्हणजे चालून आलेली लक्ष्मी. रामिप्रिल लिहिणारा डॉक्टर रामिप्रिल न थांबवता आपली गोळी सुरू करायला तयार आहे! आमच्या भागात मॅनेजरसोबत केलेल्या एका जॉइंट वर्कमध्ये अशाच प्रश्नाला “हो सर, बरेच डॉक्टर देतात” असे उत्तर दिलेले मी ऐकले आहे. पण त्याच ऑनटार्गेटचा तिसरा गट पाहा. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत मुख्य निष्कर्ष १६.३ टक्के, म्हणजे फायदा जवळजवळ नाही. मूत्रपिंडाचे काम बिघडल्याची नोंद मात्र १३.५ टक्के, तर एकट्या रामिप्रिलवर १०.२ टक्के. ज्या अभ्यासाच्या पहिल्या दोन गटांचा आलेख आपण चौथ्या पानावर छापला, त्याच अभ्यासाच्या तिसऱ्या गटात डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि ते आपल्याला नको असलेले उत्तर आहे.

मग प्रतिनिधीने काय करायचे? माझी पद्धत अशी. मंजूर झालेल्या उपयोगाबाहेरचा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारला, तर मी त्यावर प्रचार करत नाही आणि मोघम होकारही देत नाही. माहितीपत्रकात जो इशारा छापलेला आहे तो सांगते: रामिप्रिलसारखे एसीई इनहिबिटर आणि टेल्मिसार्टनच्या गटातले औषध एकत्र दिल्यास पोटॅशियम वाढण्याची, रक्तदाब फार उतरण्याची आणि मूत्रपिंडावर ताण येण्याची शक्यता असते. पुढचे सविस्तर उत्तर मेडिकल विभागाकडून लेखी येईल, असे म्हणते. प्रश्न डॉक्टरांच्या शब्दांत लिहून त्याच दिवशी पाठवते. इथे एक बारीक गोष्ट आहे: तो प्रश्न खरोखर डॉक्टरांचाच असला पाहिजे. आपणच “सर, एकत्र देण्याबद्दल काही विचारायचंय का?” असे सुचवायचे आणि मग ‘डॉक्टरांनी मागणी केली’ असा फॉर्म भरायचा, ही पळवाट मी पाहिलेली आहे. फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांचे शब्द सारखेच आले की समजावे, डॉक्टरांनी विचारलेले नाही.

आदल्या रात्री मी आणखी एक गोष्ट पाहते, आणि ती माझ्या विक्रीला फायद्याची ठरली तेव्हा मला स्वतःलाच हसू आले. ऑनटार्गेटमध्ये गट पाडण्याआधी काही आठवडे सगळ्यांना दोन्ही औषधे देऊन पाहिली होती. ज्यांना ती सोसली नाहीत ते तिथेच गळाले. ज्यांना एसीई इनहिबिटर चालतच नाही हे आधीच माहीत होते, ते तर मुळात या अभ्यासात नव्हतेच. म्हणजे ४.२ टक्के हा आकडा आधीच चाळून घेतलेल्या माणसांचा आहे. दवाखान्यात पहिल्यांदा रामिप्रिल सुरू होणाऱ्याला खोकला होण्याचे प्रमाण त्यापेक्षा जास्त असणार. तेच रक्तदाब उतरण्याच्या तक्रारीलाही लागू. म्हणून ‘तुमच्या प्रत्येक हजार रुग्णांत’ असे मी म्हणत नाही, ‘त्या अभ्यासातल्या हजारांत’ म्हणते. एका शब्दाचा फरक आहे, पण संख्याशास्त्र जाणणारे डॉक्टर तो ऐकतात.

सॅम्पल. बॅगेत काय ठेवायचे, हे रात्रीच ठरते. संहितेप्रमाणे एका डॉक्टरला एका औषधाची वर्षात बारापेक्षा जास्त सॅम्पल पॅक देता येत नाहीत. डॉक्टरांना औषधाचा अनुभव घेता यावा, हा त्यामागचा हेतू. आता तुमचा इनपुट प्लॅन बघा: प्रत्येक कोअर डॉक्टरला प्रत्येक भेटीत दोन. महिन्याला दोन भेटी धरल्या तर चार, वर्षाला अठ्ठेचाळीस. बाराची मर्यादा तिसऱ्या महिन्याअखेर संपते. चौथ्या महिन्यापासून माझ्यापुढे तीनच वाटा उरतात. पॅक देऊन नियम मोडायचा, न देता ‘दिले’ अशी नोंद करायची, किंवा ती घरातल्या कपाटात साठवायची. तिसरी वाट मी दोन वर्षे चालले, कपाट भरले. मागच्या मार्चमध्ये मुदत संपलेली सॅम्पल परत पाठवली तेव्हा डेपोने विचारले, एवढी उरलीच कशी? म्हणून आता मी माझी नोंद स्वतः ठेवते: डॉक्टरांचे नाव, औषध, किती पॅक, तारीख. या चार गोष्टींची नोंद ठेवणे संहितेप्रमाणे कंपनीचेच काम आहे. पण ॲप ती भेटीनुसार दाखवते, वर्षाची बेरीज दाखवत नाही. त्या फिजिशियनना या वर्षी नऊ पॅक झाले होते. मी एक घेतला.

भेट संध्याकाळची होती. कंपाउंडरने नेहमीप्रमाणे बसायला सांगितले. (भेटीची वेळ मिळवण्यासाठी काही देणे किंवा काही बहाणा करणे संहितेत चालत नाही. कंपाउंडरला पाकीट देणे हाही त्यातलाच प्रकार, कारण पैसे कुणाच्याही हातात गेले तरी वेळ डॉक्टरांची विकत घेतली जाते.) पन्नास मिनिटांनी आत गेले. पेन्सिलने खूण केलेले चौथे पान उघडले, पण आधी प्रश्न विचारला: “सर, रामिप्रिलवर खोकल्यामुळे गोळी सोडणारे किती भेटतात?” ते म्हणाले, “भेटतात. सांगत नाहीत, गपचूप बंद करतात. मग प्रेशर वाढून येतात.” मग पान दाखवले, दोन्ही वाक्ये म्हटली, ३१ आणि ९. ते थांबले. “हे नऊ तुमच्या पानावर नाहीत.” मी म्हटले, “नाहीत सर. शोधनिबंधात आहेत. वयस्कर रुग्ण किंवा सोबत डाययुरेटिक चालू असेल तर जपून, असं माहितीपत्रकही सांगतं.” मग त्यांनी मागच्या भेटीतल्या प्रश्नाचे उत्तर विचारले. मेडिकल विभागाचे पत्र दोन आठवड्यांत आले नव्हते, तेही मी सांगितले. माझ्या बाजूने मी एवढेच म्हटले की माहितीपत्रक एकत्र देण्याबद्दल इशारा देते, बाकी लेखी येईल. गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला हे औषध नको, हे मी प्रत्येक डॉक्टरला एकदा तरी सांगतेच. त्यांना ते ठाऊक असते, पण ते माझ्या तोंडून ऐकले की बाकीचेही खरे असावे असे त्यांना वाटते, असा माझा अंदाज आहे.

“सर, पाच पेशंटना तरी सुरू करा” असे मी म्हणत नाही. पूर्वी म्हणायचे. हा ‘कमिटमेंट’ नावाचा प्रकार भेटीतल्या उरलेल्या दीड मिनिटाची माती करतो. डॉक्टर हो म्हणतात, कारण हो म्हटले की मी निघते. तो होकार आपण रिपोर्टमध्ये भरतो आणि पुढच्या महिन्याचे टार्गेट त्यावर उभारतो.

निघता निघता ते म्हणाले, “अहो, तुमच्या त्या गोळीवर एका आजींना उठताना चक्कर आली, पडल्या. हाड वगैरे नाही मोडलं. मी डोस कमी केला.”

इथे मला तुमचे सगळे लक्ष हवे आहे. हे वाक्य दार उघडताना आले. पुढच्या डॉक्टरांची वेळ झाली होती, ॲपमध्ये अजून तीन कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, बाकी होत्या. असे वाक्य ऐकून ‘काळजी घ्या सर’ म्हणत बाहेर पडणे जगात सगळ्यात सोपे आहे. पण ही प्रतिकूल घटनेची नोंद आहे, आणि ती गोळीमुळेच झाली की नाही हे ठरवणे माझे काम नाही. नोंदीला किमान चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण आहे याची खूण, कळवणारा कोण, औषध कोणते आणि घडले काय. मी परत आत वळले. आजींचे वय विचारले, नाव नाही. डोस ८० मिलिग्रॅमचा होता, तो ४० केला. सोबत लघवी वाढवणारे डाययुरेटिक होते. घटना कधीची, आता कशा आहेत. दोन मिनिटे लागली. त्याच रात्री दुष्परिणामांच्या नोंदी पाहणाऱ्या आपल्या फार्माकोव्हिजिलन्स विभागाला मेल केला. डॉक्टरांना भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा विनाशुल्क क्रमांक, १८००-१८०-३०२४, कार्डावर लिहून दिला, कारण ते स्वतः थेटही कळवू शकतात.

मग डीसीआर, म्हणजे भेटींचा रोजचा रिपोर्ट, भरायला बसले. रकाने: भेट झाली का, कोणते ब्रँड, सॅम्पल किती, डॉक्टरांचा प्रतिसाद (चार पर्याय, चारही खूश), पुढची तारीख. आजी कुठे लिहू? डॉक्टरांचा अनुत्तरित प्रश्न कुठे लिहू? जागा नाही. त्या दिवशी माझे आठ कॉल झाले होते, अपेक्षा अकराची होती. पुढच्या आठवड्यात एरिया मॅनेजरचा फोन आला, ॲव्हरेज घसरते आहे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांच्यावरही वरून तोच आकडा येतो.

अकरा कॉलच्या दिवसात वर लिहिलेली तयारी कशी बसते ते तुम्हीच मांडून पाहा. प्रत्येक नव्या पानासाठी मूळ निबंध वाचायला मला पहिल्यांदा दीड तास लागतो. तो सगळ्या डॉक्टरांसाठी एकदाच, हे खरे. पण प्रत्येक डॉक्टरसाठी वही चाळून प्रश्न ठरवायला दहा मिनिटे, म्हणजे अकरा जणांची जवळजवळ दोन तास. ती वेळ रात्रीची असते आणि कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. जो सहकारी हे काही करत नाही, पान पाठ करतो आणि बारा कॉल भरतो, तो आपल्या प्रणालीत माझ्यापेक्षा चांगला ठरतो. त्याला दोष देत नाही. तुम्ही जे मोजता तेच तो देतो.

संहितेप्रमाणे प्रतिनिधीच्या वागण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर दोन महिन्यांत कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्याने पालन केल्याचे स्वयंघोषणापत्र द्यायचे असते. ती सही करणाऱ्या व्यक्तीला चौथे पान कधी दाखवले आहे का, एवढे मला विचारायचे आहे.

माझी मागणी लांबलचक नाही. चौथ्या पानावर हिरवा खांब जिथे उंच आहे तो तक्ता त्याच आकारात छापा, आणि टक्क्यांच्या खाली ‘हजारांत किती’ लिहा. पान मंजूर करणाऱ्या बैठकीत मेडिकल विभागाचा माणूस नुसता सहीपुरता नसावा, आणि निदान एक फील्डवरचा प्रतिनिधी असावा. डीसीआरमध्ये दोन रकाने वाढवा: डॉक्टरांचा प्रश्न त्यांच्या शब्दांत, आणि ‘काही प्रतिकूल घटना कळली का, हो किंवा नाही’. दुसरा रकाना रिकामा ठेवून रिपोर्ट पुढे जाऊ नये. सॅम्पलची वर्षभराची बेरीज डॉक्टरांच्या नावासमोर दिसू द्या आणि बारा झाले की नोंदच बंद व्हावी. प्रश्न मेडिकल विभागाकडे गेल्यावर उत्तर किती दिवसांत येईल, हे ठरवून सांगा, कारण उत्तराशिवाय परत गेलेल्या प्रतिनिधीला पुढच्या वेळी डॉक्टर प्रश्नच विचारत नाहीत. आणि कॉलची संख्या अकरावरून आठ करा. मग जो आठ भरणार नाही त्याला खुशाल जाब विचारा, मलासुद्धा.

कॉन्फरन्सला नेण्याची मागणी, घरच्यांसह मुक्काम, समारंभाची देणगी, यांवर मी इथे लिहिले नाही. ते नियम सगळ्यांना पाठ आहेत आणि नकार द्यायला दोन वाक्ये पुरतात: “सर, वक्ता म्हणून जाणार असाल तरच ते नियमात बसतं. बाकी आम्हाला करता येत नाही.” अवघड असते ते चौथे पान, कारण त्यात कुणी काही मागत नाही, कुणी काही देत नाही, आकडाही खरा असतो.

पुढची सायकल मीटिंग येत्या महिन्यात आहे. शोधनिबंधातला तो तक्ता, लाल पेनाने खूण केलेला, मी सोबत आणते आहे. आजींची तब्येत आता ठीक आहे, असे डॉक्टर परवा म्हणाले. दोन्ही एकत्र देण्याच्या प्रश्नाचे पत्र अजून आलेले नाही.

आपली,
एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह